माणसे गेली, उद्दिष्ट राहिले

कामावरची माणसे कमी झाली म्हणजे त्यांनी करावयाचे काम कोठे जाते, हा प्रश्न दिसण्यात पोरकट आहे. परंतु आमच्याकडील पुष्कळ कारखानदार, अडते आणि त्यांचे पगारी व्यवस्थापक यांनी त्याचे उत्तर आजवर दिलेले नाही. त्यांच्या वागणुकीवरून पाहावे तर ते काम हवेत विरून जात असावे. चाळीस माणसांची बत्तीस झाली. हजेरीचा कागद बदलला, पगाराचा कागद बदलला. बदलला नाही तो फक्त भिंतीवरचा फळा, ज्यावर दिवसाचे उद्दिष्ट खडूने लिहिलेले असते. हल्लीच्या भाषेत ज्यास टार्गेट म्हणतात ते हेच. काम विरत नाही, हे ज्यास ते करावे लागते त्यास पक्के ठाऊक असते. ते उरलेल्यांच्या अंगावर येते. आणि उरलेल्यांचा दिवस लांबलेला नसल्यामुळे ते कशातून तरी कापून काढावे लागते. विसाव्यातून, मजुरीतून, नाही तर मालाच्या गुणातून. चौथी वाट नाही.

अशा वेळी कामगाराने काय करावे? आमचे उत्तर असे की, त्याने मनुष्यबळ विभागास पत्र लिहावे, व त्या पत्रात गाऱ्हाणे न मांडता हिशेब मांडावा. हे मत दोन्ही बाजूंस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. मालकपक्ष म्हणेल की, उद्दिष्टाचा हिशेब विचारणे हा उद्दामपणा होय. कामगारांचे काही कैवारी म्हणतील की, ज्याचा छळ होतो त्याने त्रैराशिक मांडीत बसावे ही थट्टा होय. दोघांसही उत्तर द्यावयाचे आहे; पण ते हवेत न देता एका विशिष्ट कामाच्या आधारे द्यावे हे बरे.

ते काम आम्ही जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतून घेतो. कुकडी आणि घोड यांवरील धरणांचे पाणी कालव्यांतून फिरल्यापासून या भागाच्या पूर्वपट्ट्यात ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्षे यांची शेती मोठी झाली. नारायणगावच्या आसपास परदेशी जाणारी द्राक्षे निवडून, साफ करून, पेट्यांत भरणारी पॅकहाऊसे उभी राहिली. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत त्यांचा हंगाम असतो. पेटी भरणाऱ्या बहुतेक बायका. कोणी आसपासच्या गावच्या, तर कोणी पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून मजुरीसाठी खाली उतरलेल्या. हंगामाच्या उत्तरार्धात, म्हणजे मार्च-एप्रिलात, याच परिसरात रब्बी कांद्याची काढणी सुरू होते. ती बहुधा उक्ती असते; जोर धरून काम केले तर दोन पैसे अधिक सुटतात. तेव्हा पॅकहाऊसमधील काही बायका कांद्याकडे वळतात. यात कोणाचा अपराध नाही. पण अपराध नसला तरी परिणाम असतोच, आणि तो मोजला पाहिजे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांस ते सोपे वाटते. पहाटे तोडलेला माल क्रेटमधून येतो. बाई एक घड देठाला धरून उचलते. मण्यांवर जी पांढरी लव असते ती बोटांनी पुसली जाऊ नये म्हणून देठच धरावयाचा असतो. घड फिरवून ती बारीक तोंडाच्या कात्रीने तडकलेला, सडका, डागाळलेला किंवा फार लहान राहिलेला मणी काढते. यातील कठीण भाग बाहेरचा नव्हे, आतला होय. घड दाट असला की त्याच्या पोटात एखादा चिरलेला मणी दडलेला असतो, आणि तो दिसण्यासाठी घड उजेडाकडे धरून हलकेच उकलावा लागतो. तो एक मणी राहिला तर बोटीच्या प्रवासात त्याचा रस शेजाऱ्यांस लागतो, बुरशी चढते, आणि परदेशी पोहोचल्यावर पेटीच नव्हे तर सारी खेप नाकारली जाण्याची पाळी येते. घड साफ झाला की तो अर्धा किलोच्या पनेटमध्ये बसवावयाचा, काट्यावर वजन जुळवावयाचे. अशी दहा पनेटे म्हणजे पाच किलोंची एक पेटी. तेथून ती प्रीकूलिंगच्या थंड खोलीत जाते. तोडणीपासून तेथवर जितका उशीर तितका देठ सुकून तपकिरी होतो, आणि हिरवा देठ ही ताज्या द्राक्षाची पहिली खूण असल्यामुळे किंमत तेथेच उतरते.

आता अशा एका पॅकहाऊसमधील कामकरी बाईने लिहावयाच्या पत्राचा मसुदा आम्ही देतो. त्यातील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या कामाच्या जागेचे आकडे मोजून त्यांच्या जागी घालावेत. रीत मात्र हीच ठेवावी.

“मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग, यांस,

सा. न. वि. वि. आमच्या निवड-विभागाचे दिवसाचे उद्दिष्ट 1000 पेट्यांचे आहे. ते ठरले तेव्हा मेजावर 40 बायका होत्या, आणि क्रेट आणून देणारी व भरलेल्या पेट्या नेणारी 5 माणसे वेगळी होती. आज मेजावर 32 जणी आहेत व ने-आण करणारी 3 माणसे आहेत. उद्दिष्ट 1000 पेट्यांचेच आहे. त्याचा फेरविचार व्हावा, ही विनंती. कारणे पुढे देत आहे.

सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या पाळीतून जेवणाचा अर्धा तास आणि चहाचे दोन पाव तास वजा जाता 480 मिनिटे राहतात. हात धुणे, मेज पुसणे, क्रेटची व काट्याची वाट पाहणे यांत पूर्वी दर बाईची 40 मिनिटे जात. प्रत्यक्ष कामाची 440 मिनिटे उरत. चाळीस जणींची मिळून 17,600 मिनिटे होत, म्हणजे एका पेटीस 17 मिनिटे 36 सेकंद मिळत. या वेळात काम नीट होत असे, हे आपल्या तपासणीच्या वहीवरून दिसेल.

आता ने-आण करणारी दोन माणसे कमी झाल्याने आम्हांस पुष्कळदा स्वतः उठून क्रेट आणावे लागतात. गेले सहा दिवस आम्ही हा वेळ घड्याळ लावून लिहून ठेवला. तो 40 मिनिटांवरून 70 मिनिटांवर गेला आहे. म्हणजे दर बाईस 410 मिनिटे उरतात. बत्तीस जणींची मिळून 13,120. पूर्वीच्याच काळजीने काम केले तर त्यांत सुमारे 745 पेट्या होतात. हजार पेट्या करावयाच्या तर एका पेटीस 13 मिनिटांच्या किंचित वर वेळ मिळतो. एका पनेटमागे पूर्वी 106 सेकंद होते ते 79 होतात. हे 27 सेकंद आम्ही कोठून काढावे, हे आपण सांगावे. घडाच्या आतला मणी पाहणे सोडून दिले तर ते निघतात. अन्य रीतीने निघत नाहीत.

माझी विनंती अशी की, पुढील तिन्हींपैकी एक गोष्ट व्हावी. एक, माणसे भरून निघेपर्यंत उद्दिष्ट 745 पेट्यांचे धरावे. दोन, ने-आण करणारी दोन माणसे आधी द्यावीत. तेवढ्याने उद्दिष्ट 800 पर्यंत जाईल. तीन, हजारच पाहिजेत तर दर बाईस 2 तास 20 मिनिटे जादा थांबावे लागेल. त्याची जादा मजुरी, थांबणारीची संमती आणि घरापर्यंत गाडी यांची व्यवस्था आधी लेखी ठरावी. यांपैकी काहीच व्हावयाचे नसेल, तर कोणती तपासणी गाळावी तेवढे लेखी कळवावे, म्हणजे पुढे माल परत आल्यास तो दोष आमच्या माथी येणार नाही. उत्तर आठ दिवसांत मिळावे. कळावे.

आपली विश्वासू,
निवड-विभागातील कामगार”

या पत्रात न छळाचा शब्द आहे, न पोटाचा, न मुलाबाळांचा. तरीही ते वाचून व्यवस्थापकास खुर्चीत अस्वस्थ वाटल्यावाचून राहणार नाही. कारण त्यात ज्यास नाकारता येईल असे एकही वाक्य नाही. नाकारावयाचे तर त्याला स्वतः घड्याळ घेऊन मेजाशी उभे राहावे लागेल, आणि कामगारांस तेच तर पाहिजे आहे.

मसुद्यातील एका गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. चाळिसाची बत्तीस माणसे झाली म्हणजे पाचवा हिस्सा कमी झाला. तेव्हा हजाराचे आठशे करावेत, असे कोणीही भला माणूस सहज म्हणेल, व आपण फार उदारपणे वागलो असेही समजेल. परंतु हिशेब 745 सांगतो. हे पंचावन्न कोठे गेले? मेजाशी न बसणारी जी दोन माणसे गेली त्यांच्याबरोबर ते गेले. ज्याच्या हातून एकही पेटी भरली जात नाही अशा माणसास कागदावर ‘अनुत्पादक’ समजण्याची चाल आहे, आणि माणसे कमी करावयाची झाली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. वस्तुतः तो माणूस बत्तीस जणींची प्रत्येकी पंधरा मिनिटे राखीत असतो. ती मिळवली तर आठ तास होतात, म्हणजे सत्तावीस पेट्या. मेजाशी बसणारी एक बाई पूर्वी पंचवीस पेट्या भरीत होती. तेव्हा ‘अनुत्पादक’ माणूस हिशेबात तिच्याहून कमी नाही, उलट किंचित अधिकच भरतो. माणसे कमी झाल्यावर काम ज्या प्रमाणात अडते ते डोकी मोजून कळत नाही. कोण गेला आणि तो काय करीत होता हे पाहावे लागते. हे एवढे साधे सत्य फळ्यावरच्या आकड्यात मावत नाही, म्हणूनच त्याला पत्राची गरज आहे.

अशा पत्रास तीन ठरलेली उत्तरे मिळतात. तिन्ही आम्ही अनेकदा ऐकली आहेत, आणि तिन्ही पोकळ आहेत.

पहिले उत्तर असे की, अमुक एका दिवशी बत्तीस जणींनीच हजार पेट्या केल्या होत्या. मग रोज का होऊ नयेत? एका दिवसाच्या धावेवरून वर्षाची चाल ठरविणारा हा तर्क आहे. त्या दिवशी माल कोणत्या बागेचा होता? विरळणी नीट झालेल्या बागेचा मोकळा, एकसारखा घड निम्म्या वेळात साफ होतो. उलट, अवकाळी पावसाची एक सर पडून गेली की मणी तडकतात, आणि त्याच बाईस त्याच पेटीला दीडपट वेळ लागतो. तेव्हा एकच आकडा सर्व दिवसांस लागू करणे हीच मुळात चूक आहे. मालाच्या प्रतीप्रमाणे निदान दोन उद्दिष्टे असावीत, एक मोकळ्या मालाचे व एक खराब झालेल्या मालाचे. मोजमाप करावयाचे ते सर्वांत चपळ बाईचे करू नये, सर्वांत संथ बाईचेही करू नये. मध्यम गतीच्या चार-पाच जणींचे, निरनिराळ्या दिवशी, सकाळी आणि दिवस कलतानाही करावे. मजूर सकाळी नऊ वाजता जेवढा असतो तेवढा संध्याकाळी पाच वाजता नसतो. घड्याळास हे समजत नाही, मोजणाऱ्यास समजले पाहिजे.

दुसरे उत्तर असे की, बाजार थांबत नाही. बोट ठरलेल्या दिवशी सुटते, आणि माल वेळेवर गेला नाही तर नुकसान सर्वांचेच. हे खरे आहे, आणि म्हणूनच ते आमच्या बाजूचे आहे. माल वेळेवर जाणे म्हणजे तो तेथे घेतला जाणे. ज्या व्यवस्थापकास हे पडताळून पाहावयाचे असेल त्याने फक्त दोन वह्या शेजारी ठेवाव्यात. एक हजेरीची, दुसरी तपासणीत नाकारलेल्या पेट्यांची. दुसऱ्या वहीत पेटी कोणत्या तासाला भरली हेही लिहावे. माणसे कमी असलेल्या दिवसांत, आणि त्यातही अखेरच्या दोन तासांत, नाकारलेल्या पेट्यांचे प्रमाण चढत असेल तर उद्दिष्ट गाठले जात नसून ते फक्त दाखविले जात आहे असे खुशाल समजावे. तसे प्रमाण चढत नसेल, तर कामगारांचे म्हणणे तेवढ्यापुरते लटके ठरेल, आणि ते मान्य करण्यास आमची ना नाही. हिशेबाचा मार्ग धरला की तो दोन्ही बाजूंनी बांधतो. तीच त्याची प्रामाणिकता.

तिसरे उत्तर मात्र आम्हांस सर्वांत गर्ह्य वाटते. ते असे की, आपण सारे एका कुटुंबातील आहोत, अडचणीच्या वेळी सांभाळून घ्यावे, थोडे जास्त थांबावे. आता या परिसरात ‘थोडे जास्त थांबणे’ म्हणजे काय ते पाहू. सहाची पाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सुटते. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके येतात, आणि तेथील उसात बिबट्यांनी वस्ती केली आहे, ही आज सर्वश्रुत गोष्ट आहे. माणसांवर हल्ले झाले आहेत, माणसे दगावली आहेत. अंधार पडल्यावर उसाच्या कडेच्या वाटेने एकटे जाऊ नये, असे वनखात्याचे लोक गावोगाव सांगत फिरतात. त्या वाटेने रात्री नऊच्या सुमारास घरी जाण्यास आपल्याच कुटुंबातील लेकीसुनांस कोणी धाडील काय? जो धाडणार नाही त्याने कुटुंबाचे नाव घेऊ नये. आणि जो धाडील त्याच्या कुटुंबात राहावेच कशाला? पत्रात गाडीची मागणी आहे ती चैनीसाठी नव्हे. उद्दिष्टाच्या फळ्यावर जो आकडा लिहिला जातो त्याचे दुसरे टोक या उसाच्या वाटेवर असते.

कायदा या बाबतीत काय सांगतो? थोडे सांगतो, पण जे सांगतो ते माहीत असावे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने नोकरीच्या काही शर्ती बदलण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस देण्याचे बंधन मालकावर घातले होते. त्या शर्तींच्या यादीत एखाद्या विभागातील माणसांची संख्या वाढविणे वा घटविणे ही बाबही होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते तत्त्व ठेवलेले आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असावी, तीत दोन्ही बाजूंचे सभासद सारखे असावेत, असेही ती संहिता सांगते. जादा वेळेस दुप्पट दराने मजुरी द्यावी हा 1948 च्या कारखाने कायद्यातील दंडकही नव्या संहितांत टिकला आहे. परंतु या तरतुदींची मर्यादा ओळखली पाहिजे. ज्या कारणांवर मालकाचा ताबा नाही अशा कारणांनी माणसे घटली तर नोटिशीचे बंधन लागत नाही. आणि कांद्याच्या काढणीस निघून गेलेल्या बायकांविषयी मालक नेमके हेच म्हणेल. माणसे आपण होऊन गेली हे त्याचे म्हणणे खरेही असेल. पण उद्दिष्ट आपण होऊन तेथेच राहिले नाही. ते कोणी तरी तेथे ठेवले. जाणाऱ्यावर मालकाचा ताबा नसेल, फळ्यावरील खडू तर त्याच्याच हाती असतो. कायदा जेथे मुका होतो तेथे हा साधा भेद कामास येतो, आणि पत्रात तोच पुढे केला पाहिजे.

हा झगडा आजचा नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांत 1928 साली जो सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला, त्याच्या मुळाशी अन्य कारणांबरोबर हेही होते की, काही गिरण्यांनी विणकरास दोहोंऐवजी तीन माग आणि कातणाऱ्यास साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळावयास लावल्या होत्या. त्यास ‘कार्यक्षमता’ असे गोंडस नाव होते. मजुरी थोडी वाढविली होती; काम तिच्यापेक्षा पुष्कळ वाढले होते, आणि मधला फरक बेकार झालेल्या सोबत्यांच्या रूपाने गिरणीच्या दरवाज्याबाहेर उभा होता. दीड लाखांच्या आसपास माणसे त्या संपात होती. आमचे म्हणणे इतकेच की, जो हिशेब दोन पानांच्या पत्रात मिटू शकला असता तो न मिटविल्याची किंमत किती पडते, हे आपल्या प्रांताने एकदा पाहिलेले आहे.

आणि उलट बाजूचे उदाहरण हवे असेल तर तेही फार लांब शोधावयास नको. मुंबईत घरचे जेवण कचेऱ्यांत पोहोचविणारे डबेवाले बहुतांशी याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ भागांतून गेलेले. त्यांच्यात मनुष्यबळ विभाग नाही, मनुष्यबळाचे शास्त्र शिकलेला अधिकारी नाही. तरी एका माणसाकडे किती डबे असावेत याचा दंडक त्यांच्या टोळीने स्वतः ठरविला आहे. साधारण तीस-चाळीस डबे, म्हणजे डोक्यावरील खोक्यात मावतील आणि ठरलेली लोकल चुकणार नाही इतके. मुख्य म्हणजे टोळीत माणसे नेमकी कामापुरती नसतात, काही वरकड असतात. कोणी आजारी पडला किंवा गावी गेला तर तो वरकड माणूस, प्रसंगी मुकादम स्वतः, त्याची वाट धरतो. गेलेल्याचे पस्तीस डबे शेजाऱ्याच्या पस्तिसांवर चढवून सत्तर करावेत, ही कल्पना तेथे कोणास सुचत नाही. कारण सुचविणाऱ्यालाच ते उचलावे लागतील. 2020 च्या टाळेबंदीने त्यांचा धंदा फार खचला, संख्या पुष्कळ घटली, आणि डबेही घटले. तेव्हा ही तुलना सर्वांशी जुळते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मातीतील अल्पशिक्षित माणसांनी ओझ्याचे माप ओझे वाहणाऱ्याच्या हाती ठेवून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एक व्यवस्था चालविली, त्याच मातीत त्यांच्या लेकीबाळींस उद्दिष्टाचा हिशेब विचारण्याची मनाई असावी, हे मात्र आम्हांस पटत नाही.

शेवटी कामगारांच्या कैवाऱ्यांस दोन शब्द. ‘आमच्यावर अन्याय होत आहे, तरी साहेबांनी मेहेरबानी करून लक्ष द्यावे’ अशी पत्रे मनुष्यबळ विभागाकडे रोज जातात, आणि ज्या कपाटात त्यांनी जावयाचे त्या कपाटात जाऊन पडतात. दयेची मागणी नाकारणे सोपे असते, कारण दया करणे ऐच्छिक असते. तेरा हजार एकशे वीस मिनिटांत सतरा हजार सहाशे मिनिटांचे काम होत नाही, ही गोष्ट ऐच्छिक नाही. ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही, मजुराच्या इमानावरही नाही. म्हणून आमचा आग्रह असा की, ज्यांना लिहिता येते त्यांनी, ज्यांना येत नाही त्यांच्याजवळ बसावे. भाषण करू नये, घड्याळ काढावे. सहा दिवस वही लिहावी. मग पत्र लिहून त्याची एक प्रत पोहोचेच्या सहीसह आपल्यापाशी ठेवावी. उत्तर आले तर उत्तमच. न आले, तर तक्रार समितीपुढे, आणि तेथे न मिटले तर सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे तीच वही ठेवता येते. आणि ज्या मालकास ती वही पाहण्याचीही इच्छा नसेल, त्याचे उद्दिष्ट पेट्यांचे नसून माणसांचे आहे, असे आम्ही उघड म्हणू.